दर्जाखर्चाचा हिशेब मांडण्याआधी: सर्किट बोर्ड जुळवणाऱ्या छोट्या कारखान्यासाठी

दर्जाखर्च म्हणजे दोष टाळणं, माल तपासणं आणि निघालेले दोष निस्तरणं यांवर होणारा खर्च. त्याचा हिशेब करायला बसण्यापूर्वी मागच्या महिन्याच्या तीन नोंदी हाताशी असू द्या: पहिल्या चाचणीत किती बोर्ड नापास झाले, दुरुस्तीत किती मिनिटं गेली आणि ग्राहकाकडून काय परत आलं. पैशांची घाई नको. आधी मिनिटं मोजा, तासाचा दर नंतर लावता येतो.

यातली दुसरी नोंद बहुधा सापडणार नाही. ओव्हनमधून निघालेल्या बोर्डाला सोल्डरिंग आयर्नने जरासं टचअप करणं हे रोजचंच काम धरलं जातं आणि तो वेळ उत्पादनाच्या तासांत विरून जातो. म्हणून निदान दोन आठवडे आधी दुरुस्तीच्या टेबलावर एक तक्ता ठेवा. बोर्डाचा क्रमांक, दोष, कोणता भाग आणि मिनिटं, एवढे चार रकाने पुरे. जास्त केले तर कुणी भरणार नाही.

मग प्रत्येक कामाचा कप्पा ठरवून लिहून ठेवा. बोर्डावर सोल्डर पेस्ट लावायची छिद्रांची स्टेन्सिल पुसणं, ओव्हनचं तापमान पडताळणं हा प्रतिबंध. प्रत्येक बोर्डाची पहिली चाचणी ही तपासणी. दुरुस्ती, भंगार, परत आलेला माल हे अपयश. घोळ होतो तो फेरचाचणीपाशी. ती त्याच यंत्रावर, तोच माणूस करतो, त्यामुळे तपासणीत टाकली जाते. पण बोर्ड नापास झाला नसता तर ती करावीच लागली नसती, तेव्हा ती अपयशातच धरा.

उदाहरणादाखल, महिन्याला १००० बोर्ड, प्रत्येकी ४ मिनिटांची चाचणी, म्हणजे तपासणीची ४००० मिनिटं. ८० नापास झाले. दोष शोधून दुरुस्त करायला प्रत्येकी १५ आणि फेरचाचणीला ४ मिनिटं धरली, तर अपयशाची १५२० मिनिटं. आता तक्ता पाहा. ८०पैकी ५० बोर्डांत एकाच बारीक पायांच्या आयसीच्या दोन पायांमध्ये सोल्डरचा पूल झाला असेल, तर ९५० मिनिटं त्या एका जागेवर गेली. स्टेन्सिलच्या खालच्या बाजूला पेस्ट साचली की असे पूल होतात. दर १० बोर्डांनंतर मिनिटभर पुसायचं ठरवलं, तर महिन्याला १०० मिनिटं लागतील. मात्र पूल खरंच त्यानेच होतात का, हे आधी १०० बोर्डांवर पाहा. स्टेन्सिलची छिद्रंच मोठी असतील, तर पुसून काही फरक पडणार नाही.

दोष घटले म्हणून ती ४००० मिनिटं आपोआप कमी होत नाहीत, तेव्हा त्यांची बचत आत्ताच मांडू नका.

परत आलेल्या मालात 'दोष आढळला नाही' असा शेरा असलेले बोर्डही मोजा. त्यांच्या तपासणीला आणि वाहतुकीला खर्च झालेलाच असतो. भंगार बोर्डाची किंमत लावताना सुटे भाग आणि तोवर झालेली मजुरी दोन्ही धरा. पण तीच मजुरी दुरुस्तीच्या मिनिटांत आधीच आली असेल, तर एकीकडून वगळा.