मंजूर झालेली इंटर्नशिप कंपनीने रद्द केली तेव्हा प्राचार्यांना लिहिलेलं पत्र

मी मेकॅनिकल डिप्लोमाची, मुलुंडला राहते. आमच्या के स्कीमच्या अभ्यासक्रमात 12 आठवड्यांची इंटर्नशिप आहे आणि माझी रबाळे एमआयडीसीतली एक कंपनी कॉलेजने मंजूर केली होती, एनओसी हातात, 2 जून 2025 ला जॉइन व्हायचं आणि 23 ऑगस्टला संपवायचं असं ठरलेलं. गुरुवारी 29 मेला दुपारी एचआरचा फोन आला की प्लांटमध्ये शिफ्टिंगचं काम निघालंय, या बॅचला कोणालाच घेणार नाही. सोमवारी जॉइनिंग आणि गुरुवारी हे, मला रडूच आलं होतं. पुढच्या आठ दिवसांत जे शिकले ते सगळं लिहितेय, कारण दरवर्षी कोणी ना कोणी यात अडकतंच.

पहिलं काम म्हणजे त्याच फोनवर एचआरना सांगा की हेच मला मेलवर पाठवा. मी ते लगेच केलं नाही आणि शुक्रवारी कॉलेजात गेले तर ट्रेनिंग-प्लेसमेंट बघणाऱ्या टीपीओ सरांनी पहिला प्रश्न तोच विचारला, लेखी काय आहे? फोन झाला हे कागदावर दाखवता येत नाही, आणि लेखी नसेल तर ऑफिसच्या नजरेत तुम्हीच कंपनी सोडली असा अर्थ निघू शकतो. मग मी स्वतःच एचआरना मेल टाकला, 'आपल्या कालच्या फोननुसार माझी इंटर्नशिप रद्द झाली आहे, कृपया यावर उत्तर देऊन कन्फर्म करावे'. संध्याकाळी दोन ओळींचं उत्तर आलं, तेवढंच पुरलं.

नवीन जागा मिळाली ती आमच्या सोसायटीतल्या काकांच्या ओळखीने, मरोळ एमआयडीसीत, प्रेस टूल आणि डाय बनवणारं छोटं वर्कशॉप. घाटकोपरला उतरून मेट्रोने मरोळ नाका, म्हणजे येण्याजाण्याचा प्रश्न नव्हता. खरी अडचण वेगळीच निघाली. वर्कशॉपचे मालक म्हणाले, कॉलेजचं पत्र आणा, मग आम्ही घेतो असं लिहून देतो. कॉलेज म्हणालं, कंपनीने घेतो असं लिहून दिलं तरच बदलाची परवानगी आणि नवीन एनओसी मिळेल. दोन दिवस मी या दोघांमध्ये नुसती फिरत होते. शेवटी मार्ग सुचवला तो माझ्या मेंटर मॅडमनी. मालकांकडून लेटरहेडवर एवढंच घ्यायचं की 'कॉलेजची परवानगी मिळाल्यास 9 जूनपासून 12 आठवड्यांसाठी घेण्याची आमची तयारी आहे', खाली सही-शिक्का, आणि काम काय देणार ते दोन ओळीत. यात मालकांनाही अडकल्यासारखं वाटत नाही आणि कॉलेजला कागद मिळतो. तुमच्याकडेही असं झालं तर सरळ हे वाक्यच सांगा.

आता पत्र. माझं पहिलं पत्र विभागप्रमुखांनी परत दिलं. मी दीड पान लिहिलं होतं, माझं वर्ष वाया जाईल, घरची परिस्थिती, कंपनीने किती चुकीचं केलं वगैरे, आणि नवीन ठिकाणी मी नेमकं काय काम करणार हेच नव्हतं त्यात. सर म्हणाले, अगं प्राचार्यांना दोनच गोष्टी बघायच्यात, जुनं का सुटलं आणि नवीन ठिकाणचं काम तुझ्या ब्रँचचं आहे का. कंपनीवर राग तर अजिबात लिहू नका, कॉलेजला पुढच्या वर्षी तिथेच मुलं पाठवायची असतात. दुसऱ्यांदा लिहिलेलं हे असं होतं, वर उजवीकडे तारीख आणि डावीकडे 'प्रति, माननीय प्राचार्य', त्याखाली 'मार्फत: विभागप्रमुख, यंत्र अभियांत्रिकी':

विषय: मंजूर कंपनीने इंटर्नशिप रद्द केल्यामुळे कंपनी बदलण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ: 1) कॉलेजचे एनओसी क्र. ____ 2) कंपनीचा दि. 30/05/2025 चा मेल.

महोदय, मी तृतीय वर्ष यंत्र अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, रोल नं. ____. संदर्भ 1 नुसार माझी इंटर्नशिप ____ या कंपनीत 2 जून ते 23 ऑगस्ट अशी मंजूर होती. कंपनीने अंतर्गत कारणामुळे ती रद्द केल्याचे संदर्भ 2 नुसार कळवले आहे. मरोळ येथील ____ या कंपनीने मला 9 जून ते 30 ऑगस्ट या काळात घेण्याची तयारी दर्शवली आहे. तेथे ड्रॉइंग वाचणे, मिलिंग व सरफेस ग्राइंडिंग, डायची जुळणी आणि तयार पार्टची तपासणी हे काम असेल. तरी कंपनी बदलण्याची व बदललेल्या तारखांची परवानगी द्यावी, जुने एनओसी रद्द करून नवीन कंपनीच्या नावे द्यावे, ही विनंती. परवानगी मिळेपर्यंत मी तेथे रुजू होणार नाही.

आपली विश्वासू, सही, नाव. त्याखाली 'सोबत' लिहून चार कागद: रद्द केल्याच्या मेलची प्रिंट, जुन्या एनओसीची झेरॉक्स, नवीन कंपनीचं तयारीचं पत्र, आणि पालकांचं संमतीपत्र. संमतीपत्र नवीन लागतं बरं का, जुन्यावर जुन्या कंपनीचं नाव असतं, माझं त्यासाठी आणखी अर्धा दिवस गेला, पप्पा ड्युटीवर होते.

ते शेवटचं वाक्य, रुजू होणार नाही हे, मॅडमनी मुद्दाम घालायला लावलं. माझ्या मनात आलं होतं की दिवस वाया जातायत तर सोमवारपासून जाऊन बसावं आणि कागद मागून येतील, पण परवानगीच्या आधीचे दिवस आमच्याकडे धरत नाहीत आणि मशीनवर काही लागलं तर मी तिथे कॉलेजतर्फे आहे हे दाखवणारा एकही कागद नसता. तसं करू नका, खरंच.

तारखांचं पण नीट बघा. मी फक्त कॅलेंडरवर 12 आठवडे मोजून 30 ऑगस्ट लिहिलं आणि 27 ऑगस्टला गणपती आहेत हे लक्षातच नाही आलं, वर्कशॉप दोन दिवस बंद. मालकांना आधीच विचारलं म्हणून दोन रविवारी येऊन ते भरून द्यायचं ठरलं आणि तसं त्यांनी माझ्या इंटर्नशिपच्या डायरीत सही करून लिहिलं. शेवटची तारीख मागताना सुट्ट्या आणि पुढचं सेमिस्टर कधी सुरू होतं ते बघूनच मागा, एकदा मंजूर झालेली तारीख परत बदलायला परत हेच सगळं.

पत्र दोन प्रतीत न्या. आधी मेंटर, मग टीपीओ, मग विभागप्रमुख यांचा शेरा घ्यायचा, त्यानंतर ऑफिसात आवक खिडकीवर एक प्रत द्यायची आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का मारून पोच घ्यायची. मी 3 जूनला दिलं आणि 5 तारखेला विचारायला गेले तर क्लार्क काकांना फक्त नंबर सांगितला, त्यांनी दोन मिनिटात फाइल काढली, प्राचार्यांची सही झालेली होती. पोच नसलेला एक मित्र तिथेच उभा होता, त्याचं पत्र कोणत्या टेबलावर आहे ते कोणालाच सांगता येईना.

नवीन एनओसी देताना काकांनी जुनं ओरिजिनल परत मागितलं, ते घरी राहिलं होतं म्हणून दुसऱ्या दिवशी परत चक्कर, तर ते पहिल्या दिवसापासून फाइलमध्येच ठेवा. 9 तारखेला सकाळी साडेआठला मरोळला पोचले, डायरीच्या पहिल्या पानावर नवीन कंपनीचं नाव आणि परवानगी पत्राचा नंबर लिहिला, आणि मालकांनी पहिलं काम दिलं ते एका जुन्या डायचं ड्रॉइंग समोर ठेवून सगळी मापं परत घ्यायचं.