व्हेरियन्स रिपोर्टमधल्या या चुका टाळा (आणि एकदा शिअरिंग मशीनपाशी जाऊन या)

दर महिन्याच्या सात-आठ तारखेला नवा पोरगा एक्सेल शीट घेऊन येतो. बजेटचा कॉलम, अ‍ॅक्च्युअलचा कॉलम, शेजारी फरक, आणि फरक हिरवा असला की चेहरा खुललेला. मी पहिला प्रश्न एकच विचारतो: नग किती निघाले? बहुतेक वेळा उत्तर येतं, "सर, ते प्रॉडक्शनला विचारावं लागेल."

तिथेच रिपोर्ट परत जातो.

ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की एकदा सगळी कहाणीच सांगून टाकतो. भोसरीतल्या एका प्रेस शॉपमध्ये मी कॉस्टिंग बघत होतो. तिथे सीआरसीए पत्र्याचा एक ब्रॅकेट बनायचा. स्टँडर्ड असं होतं: एका नगाला अडीच किलो पत्रा, दर किलोला ७० रुपये, मजुरी नगाला १२ मिनिटं, तासाला १२० रुपये. त्या महिन्याचं बजेट होतं १०,००० नगांचं, म्हणजे २५,००० किलो पत्रा आणि मटेरियलचा खर्च साडेसतरा लाख. महिनाअखेर पत्र्याचा खर्च लागला १६,४६,१०० रुपये. रिव्ह्यू मीटिंगला रिपोर्ट गेला तो "मटेरियलमध्ये १,०३,९०० रुपयांची बचत" या मथळ्याने. परचेस ऑफिसरने स्वस्तात पत्रा मिळवला होता, त्याचं सर्वांदेखत कौतुक झालं. चहाबरोबर समोसेही आले.

नग मात्र ९,०००च निघाले होते. हजार नग कमी केले तर पत्रा कमी लागणारच, त्यात बचत कसली? घरी दहा माणसं जेवायची होती, नऊच आली, आणि तांदूळ कमी लागला म्हणून सुनेला शाबासकी दिली, त्यातला प्रकार. तुलना करायची ती निघालेल्या नगांच्या बजेटशी. ९,००० नगांना २२,५०० किलो पत्रा लागायला हवा होता, ७० च्या दराने १५,७५,००० रुपयांचा. लागले १६,४६,१००. म्हणजे बचत दूरच, ७१,१०० रुपये जास्त गेले होते.

याला बजेट फ्लेक्स करणं म्हणतात. माझी सवय अशी की मूळ बजेटचा कॉलम व्हेरियन्सच्या शीटमध्ये ठेवतच नाही. तो समोर असला की डोळा तिकडेच जातो आणि साहेबांचं बोटही. शीटच्या डोक्यावर निघालेले चांगले नग लिहायचे, आणि खालचं प्रत्येक स्टँडर्ड त्या एकाच सेलला गुणून काढायचं. मूळ बजेटशी फरक का पडला हा विक्रीचा आणि प्लॅनिंगचा विषय आहे, तो वेगळ्या पानावर घ्यावा.

आता हे ७१,१०० गेले कुठे? इथे दुसरी चूक सुरू होते: दराचा आणि वापराचा फरक काढायचा, पण ते दोन आकडे एकमेकांशी बोलतात का ते बघायचंच नाही. आमच्याकडे पत्रा वापरला गेला होता २३,८५० किलो. त्यातला १८,००० किलो नेहमीचा, ७० रुपयांचा. उरलेला ५,८५० किलो एका व्यापाऱ्याकडे पडून असलेल्या लॉटमधला, ६६ रुपयांचा.

दराचा फरक: ५,८५० किलोवर किलोला ४ रुपये, म्हणजे २३,४०० रुपये फायद्याचे. वापराचा फरक: लागायला हवे होते २२,५०० किलो, लागले २३,८५०. जास्तीचे १,३५० किलो, स्टँडर्ड दराने ९४,५०० रुपये तोट्याचे. दोन्हींची बेरीज बरोबर ७१,१०० तोटा. (वापराचा फरक नेहमी स्टँडर्ड दरानेच काढायचा. प्रत्यक्ष दराने काढला तर परचेसचा हात प्रॉडक्शनच्या खिशात जातो आणि बेरीजही जुळत नाही.)

गणित बरोबर आलं, आणि त्या गणिताने साहेबांनी लगेच निकाल लावला: परचेस चांगलं, प्रॉडक्शन वाईट. सुपरवायझरला बोलावून झापलं. तो बिचारा म्हणाला, "साहेब, रिजेक्शन तर वाढलेलं नाही." खरंच वाढलेलं नव्हतं. मग १,३५० किलो पत्रा खाल्ला कोणी?

मी खाली शॉपमध्ये गेलो. शिअरिंग मशीनच्या डाव्या हाताला, भिंतीला लागून, पत्र्याच्या लांब पट्ट्यांची थप्पी होती. गुडघ्याएवढी उंच, कडा स्वच्छ, गंजाचा ठिपका नाही. नेहमीचा स्क्रॅप म्हणजे पंचाखालचे तुकडे आणि बारीक कातरण, हे तसलं दिसत नव्हतं. टेप लावली तर पट्टी २९० मिलीमीटर रुंद. ऑपरेटरला विचारलं, हे काय? तो म्हणाला, "साहेब, या शीटमध्ये चौथी पट्टी बसतच नाही."

सगळा उलगडा त्या एका वाक्यात होता. ब्रॅकेटच्या ब्लँकला ३१० मिलीमीटर रुंदीची पट्टी लागते. नेहमीची शीट १,२५० रुंद, तीत चार पट्ट्या निघतात आणि १० मिलीमीटर वाया जातो. स्वस्त लॉटची शीट १,२२० रुंद होती. चार पट्ट्यांना १,२४० लागतात. वीस मिलीमीटर कमी पडले, म्हणून तीनच पट्ट्या निघाल्या आणि २९० मिलीमीटर तशीच उरली. नगामागे अडीच किलोऐवजी सव्वातीन किलो पत्रा गेला. त्या लॉटमधून १,८०० नग निघाले, नगाला पाऊण किलो जास्त: १,३५० किलो. हिशेब किलोपर्यंत जुळला.

किलोला ४ रुपये वाचवणारा तो पत्रा नगाला २१४ रुपये ५० पैसे पडला, नेहमीचा पडतो १७५. म्हणजे 'प्रॉडक्शनचा' ९४,५०० चा तोटा पूर्णपणे परचेसच्या निर्णयातून आला होता, आणि झापणं खाल्लं ते सुपरवायझरने. समोसेही त्याच्या वाट्याला आले नव्हते.

तेव्हापासून मी एक करतो. दर फायद्यात आणि वापर तोट्यात दिसला, की तो रिपोर्ट लॉटनिहाय फोडल्याशिवाय वर पाठवत नाही. मटेरियल इश्यू स्लिपवर लॉट नंबर असतो. कोणत्या लॉटमधून किती नग निघाले हे रूट कार्डवरून दोन तासांत कळतं. याला शॉर्टकट नाही. "एक्सेलमध्ये असा एखादा फॉर्म्युला नाही का सर?" असं मला आजवर तीन पोरांनी विचारलं आहे. नाही. एक्सेलला शीटची रुंदी माहीत नसते.

याच प्रकरणातली एक उपचूक: स्क्रॅपची वसुली. त्या पट्ट्या पुढे ३० रुपये किलोने भंगारात गेल्या, ४०,५०० रुपये आले, पण ते जमा झाले 'इतर उत्पन्नात'. खरा तोटा ७१,१०० नसून ३०,६०० होता. तोटा फुगवून सांगणंही चूकच आहे. नेहमीपेक्षा जास्तीचा स्क्रॅप विकला गेला, तर वापराच्या फरकाखाली तेवढी एक ओळ दाखवा.

आता मजुरी. याच महिन्यात मजुरीचा फरक पहिल्या रिपोर्टमध्ये शून्य होता. बजेट २,००० तास, दिले २,००० तास, दहा माणसं, पंचवीस दिवस, आठ तास. "लेबर एकदम बजेटवर." ९,००० नगांना १,८०० तासच लागायला हवे होते, म्हणजे फ्लेक्स केल्यावर २०० तास जास्त, २४,००० रुपये. आणि आता घाईवाल्यांची पुढची उडी: "कामगार २०० तास हळू चालले."

मुळीच नाही. त्या महिन्यात डायचा पंच तुटला होता आणि टूलरूमकडून डाय परत येईपर्यंत लाइन पावणेदोन दिवस उभी होती. दहा माणसांचे १४० तास. या तासांचे १६,८०० रुपये आयडल टाइमच्या वेगळ्या ओळीत जातात आणि त्यांचा जाब टूलरूमला, मेंटेनन्सला विचारायचा. कार्यक्षमतेचा फरक काढायचा तो काम केलेल्या तासांवर: १,८६० उणे १,८००, साठ तास, ७,२०० रुपये.

या साठ तासांतलेही काही त्या अरुंद शीटचेच होते. एका शीटमधून तीनच पट्ट्या निघाल्या की तेवढ्याच नगांसाठी जास्त शीट उचलाव्या, जास्त वेळा मशीनवर चढवाव्या लागतात. सुपरवायझरच्या मते वीस-पंचवीस तास तरी त्यात गेले. तो अंदाज मी रिपोर्टखाली टीप म्हणून लिहितो, आकड्यात मिसळत नाही. मोजलेलं आणि सांगितलेलं एकाच ओळीत आलं की पुढच्या महिन्यात कोणालाच काही आठवत नाही.

आयडल टाइमची अडचण एवढीच की तो कोणी लिहून ठेवत नाही. महिनाअखेर विचारलं तर सुपरवायझर सगळंच आयडलमध्ये ढकलतो, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही ढकललं असतं. म्हणून लाइन थांबली की त्याच वेळी टाइम कार्डवर थांबल्याची वेळ, सुरू झाल्याची वेळ आणि कारण. अर्ध्या तासाच्या खालचं थांबणं मी धरत नाही. पुस्तकात हा नियम सापडणार नाही, पण मशीनपाशी तो टिकतो.

बाकीच्या चुका थोडक्यात. प्रत्यक्ष दरात जीएसटी मिसळू नका; क्रेडिट मिळतं तो खर्चच नव्हे. आवक गाडीभाडं मात्र स्टँडर्डमध्ये धरलं असेल तर दोन्हीकडे धरा, नसेल तर कुठेच नको. शॉप फ्लोअरवर पडून राहिलेल्या शीट महिनाअखेर रिटर्न स्लिपवर स्टोअरला परत दाखवा, नाहीतर या महिन्यात वापर वाढलेला आणि पुढच्या महिन्यात चमत्काराने घटलेला दिसेल. अर्धवट झालेले नग पूर्ण म्हणून मोजू नका. ओव्हरटाइमच्या दुप्पट दरातला जादा भाग मजुरी दराच्या फरकात जातो, कार्यक्षमतेत नव्हे. आणि फायदा-तोटा अधिक-उण्याने दाखवू नका, शब्दाने लिहा. उण्याचा अर्थ प्रत्येक खात्यात वेगळा लावला जातो.

दराचा फरक मी माल गेटातून आत आला की काढतो, वापरला जाईपर्यंत थांबत नाही. तेव्हा तो खरेदी केलेल्या किलोंवर निघतो आणि वापराचा फरक वापरलेल्या किलोंवर. दोघांची बेरीज त्या महिन्याच्या वापराच्या खर्चाशी जुळणार नाही, ती ओढूनताणून जुळवू नका. फायदा एवढाच की परचेसला विचारायचं ते माल अजून स्टोअरमध्ये असतानाच विचारता येतं. त्या प्रेस शॉपमध्ये आम्ही जीआरएनवर शीटच्या रुंदीचा एक रकाना वाढवला. पुढचा १,२२० चा लॉट आला तेव्हा स्टोअरकीपरने गाडी उतरवून घेण्याआधी मला फोन केला.