भाड्याच्या घरात फरशी तडकली? घरमालकांना सांगताना या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात माझ्या हातून लोखंडी खलबत्ता निसटला आणि स्वयंपाकघरातल्या दोन बाय दोनच्या फरशीला कोपऱ्यापासून मधोमध तडा गेला. पहिला विचार आला तो त्यावर पायपुसणं टाकायचा. ही चूक करू नका. तड्यात पुसायचं पाणी मुरतं, कडांचे टवके उडू लागतात आणि घर सोडताना ते दिसलं की डिपॉझिटमधून किती कापायचं हे घरमालक एकटेच ठरवतात. त्याच दिवशी सांगितलं तर दोघांना मिळून ठरवता येतं.

सांगण्याआधी फरशीवर नाणं ठोकून बघा. खाली माल नीट भरलेला असेल तर आवाज भरीव येतो, नसेल तर डबडब. आमची नेमकी तडकलेल्या कोपऱ्यातच पोकळ वाजत होती. आधार नसलेली फरशी कमी मारानेही तडकते, म्हणून खर्च वाटून घ्यायचं म्हणणं रास्त होतं. पण बोलण्याची सुरुवात त्याने केलीत तर समोरच्याला वाटतं, हा अंग काढून घेतोय. आधी आपली चूक, मग फरशीची अवस्था. मी दोन फोटो जोडून लिहिलं:

"काका, आज माझ्या हातून खलबत्ता पडून ओट्यासमोरची एक फरशी तडकली. चूक माझी आहे. कोपऱ्यात ती पोकळ वाजतेय, तुम्हीही एकदा येऊन बघा. दुरुस्तीचा निम्मा खर्च मी देतो, चालेल का?"

'निम्मा' हा शब्द महत्त्वाचा. 'काय असेल ते बघून घेऊ' असं मोघम लिहिलं की एकाला वाटतं सगळं भाडेकरू देणार, दुसऱ्याला वाटतं थोडंच द्यायचंय. पोकळ वाजली नसती, तर मी पूर्ण खर्च द्यायची तयारी दाखवली असती.

परस्पर फरशी बदलून टाकणं ही आणखी एक चूक. त्याच नावाची नवी फरशी आणली तरी शेड जुळेलच असं नाही. काकांनी माळ्यावर जुन्या दोन फरश्या जपून ठेवल्या होत्या, मी विचारलं नसतं तर कळलंही नसतं. फरशी एकच असली तरी मिस्त्री पूर्ण फेरीचे पैसे घेतो: त्याचे १५०० आणि चिकटवायच्या मालाचे ३००, म्हणजे प्रत्येकी ९००. त्याने आधी ग्राइंडरने चारही सांधे मोकळे केले आणि मग मधून फोडत बाहेर आला. छिन्नी थेट कडेला लावली तर शेजारच्या फरशीचा टवका उडतो, आणि मग तो खर्च कोणाचा यावर नवा वाद.

पैसे दिल्यावर काकांकडून एवढं लिहून घेतलं: "फरशीचे ९०० मिळाले, डिपॉझिटमधून यासाठी काही कापणार नाही." अकरा महिन्यांनी करार संपताना कोणाला काय आठवेल, सांगता येत नाही.

बाथरूमची फरशी तडकली असेल तर मात्र मेसेजवर थांबू नका, लगेच फोन करा. तिथलं पाणी खालच्या घराच्या छतात उतरू शकतं.