कैद्यांच्या मुलाखती घेताना या चुका टाळा

तुरुंगात घेतलेल्या मुलाखतींवरचे प्रस्ताव आणि अहवाल माझ्याकडे वाचायला येतात. त्यातलं एक वाक्य आता मला तोंडपाठ झालं आहे : ‘निवडलेल्या सर्व कैद्यांनी स्वेच्छेने सहभाग घेतला.’ लिहिणाऱ्याला ते आपल्या कामाचं यश वाटतं. मला मात्र तिथेच शंका येते. तुरुंगाबाहेर कुठल्याही वस्तीत जाऊन मुलाखत मागा, काही माणसं नाही म्हणतातच. कुणाला वेळ नसतो, कुणाला विषय नको असतो, कुणाला तुम्हीच आवडत नाही. मग कुलूपबंद जागेत एकालाही नाही म्हणावंसं वाटलं नाही, हे कसं? तिथे नाही म्हणायची सोय नव्हती, असंच मी आधी धरून चालतो.

चूक पहिली : सहीलाच संमती समजणं

एका तरुण संशोधकाचं काम मी जवळून पाहिलं. शिक्षा भोगणाऱ्यांचा घरच्यांशी संपर्क कसा टिकतो, हा त्याचा विषय होता आणि विषय चांगला होता. परवानगी यायला फार दिवस लागले आणि आल्यावर हाती थोडेच दिवस उरले. त्याने अधीक्षकांना विनंती केली, की बोलू शकतील अशी माणसं निवडून द्या. यादी मिळाली. शिपाई बराकीच्या दारात उभं राहून एकेक नाव पुकारायचा, “चल, साहेबांनी बोलावलंय.” माणूस यायचा, समोर ठेवलेल्या कागदावर सही करायचा आणि मग बसायचा. बसण्याच्या आधी सही झालेली असायची.

मुलाखती वाचल्या तेव्हा सगळ्यांची उत्तरं जवळपास सारखी होती. भेटी वेळेवर होतात, फोन मिळतो, अधिकारी चांगले आहेत. एका मुलाखतीच्या ध्वनिमुद्रणात मात्र शेवटी कैद्याने विचारलं होतं, “साहेब, माझ्या रजेच्या अर्जाचं यावरून ठरणार ना?” संशोधकाने हे वाक्य विषयाबाहेरचं म्हणून लिखित प्रतीतून काढून टाकलं होतं. सगळ्या कामातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य तेच होतं. तो माणूस संशोधनात सहभागी झालाच नव्हता, तो आपल्या अर्जाच्या सुनावणीला आला होता. त्याने दिलेलं प्रत्येक उत्तर त्या समजातून आलेलं होतं. तेव्हा नैतिकतेचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी ती माहिती संशोधनाच्याही उपयोगाची राहिली नव्हती.

सत्तेची ही दरी कागदावरच्या ‘सहभाग ऐच्छिक आहे’ या ओळीने भरत नाही. कैद्याची भेट, काम, बराक, रजा, सुटकेची शिफारस हे सगळं ज्यांच्या हातात आहे, त्यांच्याच दारातून तुम्ही आत आलेले असता. तुम्ही कितीही नम्र असलात तरी त्याच्या दृष्टीने तुम्ही त्यांचे पाहुणे आहात.

माझी पद्धत अशी आहे. यादी प्रशासनाकडून निवडून घ्यायची नाही. नोंदवहीतल्या क्रमांकांवरून चिठ्ठ्या काढाव्या तशी ती आपण काढायची. सगळ्या बराकीला एकत्र बसवून, कर्मचारी ऐकण्याच्या अंतरावर नसताना, आपण कोण आहोत आणि काय विचारणार आहोत हे तोंडी सांगायचं. कागद वाटून मोकळं व्हायचं नाही, कारण वाचता न येणारा माणूस ते चारचौघांत कबूल करत नाही. त्या दिवशी कुणाचीही संमती घ्यायची नाही. मध्ये निदान एक रात्र जाऊ द्यायची.

नंतर चिठ्ठीत निघालेला प्रत्येक जण खोलीत येतो, बोलायचं असो वा नसो. दार लागल्यावरच मी विचारतो. जो नाही म्हणतो तोही साधारण मुलाखतीइतका वेळ तिथेच बसतो. हवं तर गप्प बसतो, हवं तर मासिक चाळतो. बाहेर थांबलेल्या शिपायाला आत काय झालं हे घड्याळावरून कळता कामा नये. नकार कोणी दिला हे कुणालाच कळलं नाही, तर नकाराची किंमतही मोजावी लागत नाही. या पद्धतीने खोलीत कोण आलं होतं हे लपत नाही, हे खरं आहे. पण कोण बोललं आणि कोण गप्प राहिलं, हे लपतं.

संमती घेण्याआधी मी तीन गोष्टी त्याच्याच शब्दांत सांगायला लावतो. नाही म्हणालास तर काय होईल? तू सांगितलेलं कोण वाचेल? यामुळे तुझ्या शिक्षेत काही फरक पडेल का? तिसऱ्या प्रश्नावर ‘थोडा तरी पडेल’ असं उत्तर आलं, तर पुन्हा समजावतो. तरीही आशा तशीच राहिली, तर मुलाखत घेत नाही. हे फार वेळखाऊ आहे अशी तक्रार नवे संशोधक करतात. वेळ कमी असेल तर मुलाखती कमी घ्याव्यात. वीस घाईच्या मुलाखतींपेक्षा सहा खऱ्या मुलाखती मला जास्त सांगतात.

मोबदल्याबद्दल थोडक्यात. फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात 1951 पासून 1974 पर्यंत कैद्यांच्या त्वचेवर औषधं, सौंदर्यप्रसाधनं आणि घातक रसायनंही तपासली गेली. कैदी तयार होत, कारण तुरुंगातल्या इतर कामाच्या मानाने त्याचे पैसे खूप जास्त होते. अमेरिकेत 1978 साली कैद्यांवरील संशोधनासाठी वेगळे नियम आले. मिळणारा लाभ इतका मोठा नको, की तुरुंगातल्या तुटपुंज्या परिस्थितीत माणसाला धोक्याचा विचारच करता येणार नाही, असं त्यात म्हटलं आहे. सुटकेचा निर्णय घेताना सहभागाचा विचार होणार नाही आणि हे कैद्याला आधीच सांगितलं पाहिजे, हीही अट त्यात आहे. मुलाखत म्हणजे औषधचाचणी नव्हे, पण हिशेब तोच लागू पडतो. दिवसाच्या मजुरीपेक्षा जास्त काही देऊ नका, आणि द्यायचं असेल तर नकार देणाऱ्यालाही तेवढंच द्या.

चूक दुसरी : ‘हे आपल्या दोघांतच राहील’

हे वाक्य ऐकलं की मला खरोखर राग येतो, कारण बोलणाऱ्याला ते पाळता येणार नसतं. डॉक्टर किंवा वकिलाला काही ठिकाणी जे संरक्षण मिळतं, ते संशोधकाला बहुतेक ठिकाणी मिळत नाही. न्यायालयाने मागितलं तर वह्या द्याव्या लागू शकतात.

बॉस्टन कॉलेजच्या बेलफास्ट प्रकल्पात उत्तर आयर्लंडच्या सशस्त्र संघटनांमधल्या माजी सदस्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित झाल्या. त्यातल्या अनेकांनी तुरुंगवास भोगला होता. मुलाखत देणाऱ्याच्या हयातीत काहीही बाहेर जाणार नाही, असं वचन करारात होतं. ‘कायदा परवानगी देईल तितपत’ ही मर्यादा त्या करारात लिहिलेली नव्हती. 2011 मध्ये ब्रिटिश पोलिसांच्या तपासासाठी अमेरिकन न्यायालयांमार्फत या ध्वनिफितींची मागणी झाली. मोठी न्यायालयीन लढाई झाली आणि अखेर काही मुलाखती द्याव्या लागल्या. वचन देणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांनी आपल्या हातात नसलेलं वचन दिलं, एवढंच.

कच्च्या कैद्यांच्या बाबतीत हा धोका सर्वांत मोठा असतो. त्यांचा खटला अजून उभा आहे, आणि तुमच्या वहीत लिहिलेलं एक वाक्य त्यांच्याविरुद्ध पुरावा ठरू शकतं. म्हणून अशा माणसाला मी गुन्ह्याविषयी प्रश्न विचारतच नाही. शिक्षा झालेल्यालाही सुरुवातीला स्पष्ट सांगतो, “ज्या गोष्टीबद्दल तुमच्यावर खटला झालेला नाही, तिच्याबद्दल मला नाव, तारीख, ठिकाण सांगू नका. सांगू लागलात तर मी तुम्हाला थांबवीन.” आणि खरंच थांबवतो. मध्येच हात वर करून थांबवलं तर माणूस दुखावेल, अशी नव्या लोकांना भीती वाटते. आधी सांगून ठेवलं असेल तर तो दुखावत नाही, उलट निवांत होतो.

त्याच वेळी गुप्ततेच्या मर्यादाही सांगायच्या. स्वतःला इजा करण्याचा बेत, दुसऱ्या कुणाला मारण्याचा बेत, पळून जाण्याचा बेत, यातलं काय मला वर कळवावं लागेल आणि कुणाला, हे एकेक करून. ही यादी तुरुंगात पाऊल ठेवण्याआधी प्रशासनाशी बोलून लेखी ठरवून घ्या. ऐन वेळी ठरवायला गेलात, तर समोरचा माणूस आत्महत्येबद्दल बोलत असताना तुम्ही नियम आठवत बसाल.

नाव बदललं की ओळख लपली, हा गैरसमज याच चुकीचा भाग आहे. एका अहवालात मी वाचलं होतं, ‘पूर्वी शाळेत गणित शिकवणारा, पन्नाशीतला, पायाने अधू असलेला कैदी.’ नाव बदललेलं होतं. तुरुंगाचं नाव दिलं नव्हतं, पण आभारात अधीक्षकांचं पद आणि ठिकाण छापलं होतं. त्या आवारात असा एकच माणूस असणार, आणि त्याने त्याच पानावर स्वयंपाकघरातल्या धान्यचोरीबद्दल सांगितलं होतं. अहवाल बाहेरच्या वाचकांसाठी लिहिला जातो, पण सर्वांत बारकाईने तो आतले लोकच वाचतात. माझी तपासणी सोपी आहे : प्रत्येक उतारा त्याच बराकीतला हवालदार वाचतो आहे असं समजून वाचायचा. माणूस ओळखू आला तर वय, व्यवसाय, व्यंग यांपैकी विश्लेषणाला न लागणारं काढून टाकायचं, किंवा दोन माणसांचे तपशील वेगवेगळ्या जागी वाटून द्यायचे. तसं केल्याचं पद्धतीच्या प्रकरणात नमूद करायचं. तरीही ओळख पटत असेल तर तो उतारा कितीही चांगला असला तरी वगळायचा.

बाकीच्या चुका, थोडक्यात

दुभाषा म्हणून दुसऱ्या कैद्याला बसवू नका. तो उद्याही त्याच बराकीत झोपणार आहे.

शिपाई दिसेल पण ऐकू शकणार नाही, अशी जागा मागा. वकिलांच्या भेटीसाठी कैद्यांच्या वागणुकीबद्दलच्या संयुक्त राष्ट्रांच्या 2015 च्या नेल्सन मंडेला नियमांत हीच अट आहे, ती दाखवली की बऱ्याचदा ऐकलं जातं. दार उघडंच ठेवा म्हणाले तर त्या दिवशी मुलाखत न घेताच माघारी फिरा.

‘गुन्हा का केला?’ हा पहिला प्रश्न नको. बहुतेक अभ्यासांत तो शेवटचाही नको असतो.

‘तुमचं काम बघतो’ असं म्हणू नका. अर्ज पुढे सरकवू शकत नसाल तर ‘मला ते करता येणार नाही’ असं त्याच क्षणी म्हणा.

संमतीपत्रावरची सही हाच कधी कधी ओळखीचा एकमेव पुरावा असतो. नैतिक समितीला विचारून तोंडी संमती घ्या. साक्षीदार हवाच असेल तर तो तुरुंगाचा कर्मचारी नको.

फाटकावर झडतीत वही उघडली जाऊ शकते, म्हणून वहीत फक्त सांकेतिक क्रमांक असावेत. क्रमांक आणि नावं जोडणारा कागद तुरुंगाच्या आवारात कधीच नेऊ नका. तो वेगळ्या ठिकाणी कुलपात ठेवा, आणि लिखित प्रती तपासून झाल्या की लगेच नष्ट करा.