मीटिंग रूम अडवून ठेवणाऱ्याला सांगायचंय? आधी या चुका टाळा

आमचं ऑफिस बाणेरला, चौथा मजला, मीटिंग रूम दोन. एक चार खुर्च्यांची, तिच्यात एसी चालू केला की माणसाला स्वेटर लागतो, आणि एक मोठी दहा खुर्च्यांची, जिच्यासाठी सगळे जीव टाकतात. ही मोठी रूम रोज 11 ते 12:30 बुक, सोमवार ते शुक्रवार, आणि काचेतून बघावं तर आत चिटपाखरू नाही. आम्ही मात्र मंगळवारचा क्लायंट कॉल कॅन्टीनच्या कोपऱ्यात मिक्सरच्या आवाजात घेतोय.

तेव्हा मी जे केलं ते आधी सांगतो, कारण बहुतेक जण तेच करतात. फ्लोअरच्या ग्रुपवर टाकलं, "काही जणांना मीटिंग रूम म्हणजे घरची बाल्कनी वाटते, वापरा नाहीतर रिकामी ठेवा, आपलीच आहे 😊". हसण्याच्या इमोजींचा पाऊस पडला, मला वाटलं काम झालं. दुसऱ्या दिवशी 11 वाजता शेजारच्या टीमचे सहाही जण लॅपटॉप घेऊन त्या रूममध्ये जाऊन बसले, 12:30 पर्यंत, काहीही मीटिंग नसताना. बसा म्हणे आता बघत.

ही पहिली चूक. "काही जण" असं लिहिलं की नाव न घेतल्यासारखं वाटतं, पण टोमणा कोणाला आहे हे अख्ख्या फ्लोअरला कळतं, म्हणजे चारचौघांत बोट दाखवल्यासारखंच होतं, आणि वर त्या माणसाला उत्तर द्यायला जागा उरत नाही. रूमवर हक्क सांगणं एवढंच त्याच्या हातात राहतं. याचाच भाऊ म्हणजे दारावर चिकटवलेला कागद. आपण पुण्याचे, हात शिवशिवतोच, "रूम वापरल्यावर बोर्ड पुसावा, आणलेला मेंदू परत न्यावा" वगैरे. वाड्याच्या दारावर पाटी शोभते कारण तिथे मालक एकच असतो. ऑफिसात कोणीच मालक नाही, त्यामुळे लोक पाटी वाचतात, फोटो काढतात, स्टेटसला ठेवतात आणि बोर्ड तसाच सोडून जातात.

आता दुसरी चूक, ही मला जास्त महागात पडली. मी ज्याला टोमणा मारला त्याने रूम बुक केलीच नव्हती.

झालं होतं असं. आमच्याकडे आउटलुक आहे. रूमला स्वतःचा मेलबॉक्स असतो, आपण मीटिंगमध्ये रूम टाकली की तो आपोआप हो किंवा नाही म्हणतो. रूमच्या कॅलेंडरमध्ये मीटिंगचा विषय बहुतेक ठिकाणी दिसतच नाही, कारण मूळ सेटिंगच अशी असते की विषय पुसायचा आणि त्या जागी बुक करणाऱ्याचं नाव टाकायचं. तेही अॅडमिनने बघायची परवानगी दिली असेल तरच दिसतं, नाहीतर नुसती 'बुक' अशी पट्टी. मी पट्टी बघितली, रूममध्ये कधीमधी त्या टीमची माणसं दिसायची, आणि मनातल्या मनात त्यांच्या लीडला आरोपी करून टाकलं. शेवटी अॅडमिनच्या ताईंना विचारलं, "ताई, जरा बघता का हे नाव कोणाचं?" तर निघालं की बुकिंग त्या टीमच्या आधीच्या लीडचं, जो दिवाळीच्या आसपास नोकरी सोडून गेला. त्याने कधीतरी रोजच्या स्टँडअपसाठी रिपीट होणारी मीटिंग लावली होती, माणूस गेला, मीटिंग राहिली. टीम पंधरा मिनिटांचा स्टँडअप आता डेस्कपाशीच उरकते. नव्या लीडला बिचाऱ्याला वाटायचं की रूम आपल्याला मिळालेलीच आहे, असू दे.

आणि गंमत म्हणजे त्याने ठरवलं असतं तरी त्याला ती सोडता आली नसती. मीटिंग रद्द करण्याचा हक्क ती लावणाऱ्याचा. बाकीच्यांनी स्वतःच्या कॅलेंडरमधून डिलीट केली तर फक्त त्यांच्या डोळ्यांसमोरून जाते, रूम तशीच अडकलेली राहते. लावणाऱ्यानेही रद्द करताना सगळ्यांना कॅन्सलेशन पाठवलं नाही, नुसती आपल्याकडून उडवली, तरी रूमच्या मेलबॉक्सला कळत नाही. म्हणजे आपण "सोडा की रूम" म्हणतोय आणि समोरचा प्रामाणिकपणे "मी तर कधीच सोडली" म्हणतोय, दोघंही खरं बोलतायत आणि भांडण चालू.

म्हणून माझा नियम झालाय, बोलायच्या आधी एवढंच शोधायचं की हे कोणी केलंय की आपोआप झालंय. रोज तीच वेळ, तेवढीच लांबी आणि आत कोणी नाही असं दिसलं तर शंभरातले नव्वद वेळा जुनी रिपीट मीटिंग, हा माझा अंदाज हां, मोजलेलं नाही. वेळ रोज वेगळी, बुकिंग आदल्या संध्याकाळी पडलेलं असेल तर मात्र कोणीतरी मुद्दाम अडवून ठेवतंय. शेअर्ड फोल्डरला तर हे आणखी फसवं. एक्सेलची फाइल अमुकने उघडून ठेवलीय असा मेसेज येतो तिथे दिसणारं नाव त्या मशीनवरच्या ऑफिसमध्ये टाकलेलं युजरचं नाव असतं. जुना लॅपटॉप नव्या माणसाला दिला आणि ते नाव बदललं नाही तर भलत्याच्याच नावाने आपण बोंब मारतो.

तिसरी चूक म्हणजे हिशेब दाखवणं. मी चिडून दहा दिवस टिपण ठेवलं, रोज 11:15 ला चहाला जाताना डोकावायचं, दहापैकी सात दिवस रिकामी. टिपण ठेवणं चांगलं, त्याने स्वतःला कळतं की आपला राग खरा आहे की एकाच मंगळवारचा आहे. पण ते स्वतःपुरतं. सात दिवसांचे काचेचे फोटो जोडून मेल केला की रूमचा विषय संपतो आणि "हा माणूस रोज आमच्यावर नजर ठेवून होता" हा विषय सुरू होतो. तक्रार करणारा माणूस किरकोळ वाटतो त्याचं मूळ इथेच आहे असं मला वाटतं. मुद्दा छोटा आणि पुरावे ढीगभर, हे जुळत नाही.

दुसऱ्या खेपेला मी नव्या लीडला एकट्याला लिहिलं, तो वयाने मोठा आहे म्हणून अहो-जाहो:

"नमस्कार सर, आधी ग्रुपवर लिहिलं त्याबद्दल सॉरी, ते चुकलंच. मोठ्या रूमचं रोजचं 11 ते 12:30 चं बुकिंग तुमच्या आधीच्या लीडच्या नावावर अजून चालू दिसतंय. तुमच्या टीमला ती वेळ लागते का? आम्हाला मंगळवारी 11 ते 12 क्लायंट कॉलला रूम हवी आहे. लागत नसेल तर अॅडमिनला सांगून काढून घेता येईल, मी ताईंशी बोललोय."

यात तीन गोष्टी मुद्दाम आहेत. काय दिसतंय ते सांगितलं, का दिसतंय याची खात्री होती म्हणून तेही सांगितलं, नसती तर नसतं लिहिलं. प्रश्न खरा विचारलाय, कारण लागत असूही शकते. आणि मागणी मोजकी आहे, मंगळवारचा एक तास. "सगळ्यांनी शिस्त पाळावी" अशी मागणी कोणालाच पूर्ण करता येत नाही, मंगळवारचा एक तास देता येतो. "काही हरकत नाही, राहू दे तसंच" असलं शेपूट मी जोडलं नाही. हरकत होती म्हणून तर लिहिलं ना.

त्यांचं उत्तर दुपारी आलं, "अरे मला माहीतच नव्हतं, काढून टाका, फक्त शुक्रवारचं ठेवा, रेट्रो असतो." अॅडमिनच्या ताईंनी आयटीला सांगितलं, आयटीवाल्याने रूमच्या कॅलेंडरमध्ये जाऊन जुनी सगळी मालिका उडवली आणि लीडने शुक्रवारची स्वतःच्या नावाने नवीन लावली. पाच मिनिटांचं काम, आम्ही दोन महिने मिक्सरचा आवाज ऐकला.

सांगून झालं की तिथेच थांबणं ही चौथी चूक. पुढचा माणूस नोकरी सोडेल तेव्हा परत हेच. आयटीवाल्याला मी विचारलं की ही मीटिंग एवढी टिकली कशी, तर कळलं की रूम किती दिवस पुढपर्यंत बुक होऊ शकते त्याची मुदत असते, मूळची 180 दिवस, ती आमच्याकडे कोणीतरी वाढवून ठेवली होती. त्याने ती 90 वर आणली:

```
Set-CalendarProcessing -Identity "Meeting Room Large" -BookingWindowInDays 90
```

बाकी सेटिंग मूळची असेल तर आता ज्या रिपीट मीटिंगचा शेवट 90 दिवसांच्या पलीकडे जातो ती रूम घेतच नाही, नाही म्हणून सांगते. दर तीन महिन्यांनी ज्याला हवी त्याने पुन्हा लावायची. थोडी कटकट आहे, लोक कुरकुरले, पण कोणालाच आता कोणाला टोकावं लागत नाही. एक लक्षात ठेवा, आधी लागलेल्या मीटिंग याने जात नाहीत, त्या हाताने काढाव्या लागतात. आणि हे मागताना "अमुक टीममुळे" असं म्हणू नका, "सोडून गेलेल्यांची बुकिंग राहतात" एवढंच म्हणा, ताईंनाही वरती सांगायला सोपं जातं.

दाराशी उभं राहून भांडायची वेळ आली तर तो वेगळा प्रकार. आपलं 12 ला, आतले 12:05 झाले तरी चालूच. काचेवर टकटक करून घड्याळ दाखवू नका, आत त्यांचा क्लायंट स्क्रीनवर असू शकतो. 11:58 ला दार किलकिलं करून "आमचा 12 चा कॉल आहे, तुम्हाला किती वेळ?" एवढंच. बहुतेक जण उठतात. "पाच मिनिटं" म्हणाले तर दारातच थांबा, डेस्कवर परत गेलात की पाचाची वीस होतात, हा स्वानुभव.

आणि एक प्रकार असा असतो जिथे यातलं काहीच चालत नाही. एखादे मोठे साहेब मीटिंग रूमच केबिन म्हणून वापरतात, चार्जर, डबा, छत्री सगळं तिथेच. त्यांना तुम्ही मेसेज करू नका, कितीही गोड लिहिलात तरी. आपल्या मॅनेजरला सांगा की मंगळवारच्या कॉलला जागा नाही, कॅन्टीनमधून घेतला तर क्लायंटला ऐकू जात नाही, दुसरी सोय काय करता येईल. साहेबांचं नाव त्यात नको, ते मॅनेजरला माहीत असतंच. आमच्याकडे त्यावर उत्तर म्हणून फोन बूथ आला, एकाच माणसाचा, त्याचंही बुकिंग आता कोणीतरी 9 ते 6 लावून ठेवलंय, उद्या ताईंना विचारतो नाव कोणाचं ते.