दोन माइक, एक माणूस आणि डब्यातून आल्यासारखा आवाज

अहिराणी मुलाखती, शेतकऱ्यांचे व्हिडिओ किंवा कानबाईची गाणी रेकॉर्ड करायला नव्याने लागलेली मंडळी बहुतेक वेळा एकाच माणसावर दोन माइक लावतात. एक शर्टाला कॉलर माइक, दुसरा समोर काठीवर बूम. एक बंद पडला तर दुसरा हाताशी असावा, एवढाच हेतू. घरी येऊन दोन्ही ट्रॅक एकदम वाजवले की मात्र आबांचा भरदार आवाज रिकाम्या पिंपातून आल्यासारखा ऐकू येतो. याला सगळे सरसकट ‘फेज आऊट’ म्हणतात. या एका नावाखाली दोन वेगळे दोष लपलेले असतात आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

दुरुस्तीला हात घालण्याआधी दोष खरंच इथला आहे का ते ठरवा. हेडफोन लावून आधी फक्त कॉलरचा ट्रॅक ऐका, मग फक्त बूमचा. त्यानंतर दोन्ही मध्यभागी पॅन करून, म्हणजे मोनो करून, एकत्र ऐका. एकेकटे चांगले आणि एकत्र केल्यावर पोकळ, असं असेल तर दोष दोघांच्या बेरजेत आहे. एकटा ट्रॅकच पोकळ असेल तर तो खोलीच्या भिंतींचा किंवा टेबलावरून परतणाऱ्या आवाजाचा परिणाम असतो. पुढे दिलेल्या कशानेही तो जाणार नाही.

पहिला दोष पोलॅरिटीचा. केबलच्या एक्सएलआर पिनवर 2 आणि 3 नंबरच्या तारा उलट सोल्डर झाल्या की एका माइकची लहर वर जाते तेव्हा दुसऱ्याची खाली जाते. दोन्ही माइक तोंडापासून सारख्याच अंतरावर असतील तर बेरजेत खर्ज जवळजवळ संपतो आणि पातळ, नाकातला आवाज उरतो. यावर एका ट्रॅकला `Invert` देणं, म्हणजे त्याची लहर उलटी करणं, हा पूर्ण उपाय आहे.

दुसरा दोष उशिराचा, आणि मुलाखतींमध्ये बहुतेक वेळा हाच भेटतो. समजा रावेरकडच्या केळीच्या बागेत एक बागायतदार बोलताहेत. कॉलर माइक तोंडापासून 20 सेंटिमीटरवर आहे, बूम 90 सेंटिमीटरवर. फरक 70 सेंटिमीटरचा. 35 अंश तापमानात आवाज सेकंदाला साधारण 352 मीटर जातो, म्हणजे बूमपर्यंत तो जवळपास 2 मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. 48 हजारांच्या सॅम्पल रेटवर हे सुमारे 96 सॅम्पल झाले.

2 मिलिसेकंद म्हणजे 250 हर्ट्झच्या लहरीचा बरोबर अर्धा फेरा. त्यामुळे 250 हर्ट्झवर एक माइक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, आणि दोन्हींची पातळी सारखी असेल तर तिथला आवाज पुसला जातो. तसंच 750, 1250, 1750 वर होतं. कंगव्याच्या दातांसारखी ही भोकं पार वरपर्यंत जातात. 500, 1000, 1500 वर उलट दोन्ही आवाज एकमेकांत मिळून दुप्पट होतात. डब्यातला आवाज म्हणतात तो हाच.

इथे `Invert` दाबलं की आवाज लगेच बदलतो आणि नवख्याला वाटतं, काम झालं. प्रत्यक्षात भोकं फक्त सरकलेली असतात. आता ती 500, 1000, 1500 वर आली आणि शिवाय अगदी खालचा खर्जही गेला. पोकळपणा जाऊन पातळपणा आला, एवढंच. इक्वलायझरचाही उपयोग नाही. जिथे बेरीज शून्य झाली तिथे कितीही वाढवलं तरी शून्यच राहतं.

खरी दुरुस्ती म्हणजे दोन ट्रॅक वेळेत जुळवणं. ऑड्यासिटीत दोन्ही माइक एकाच स्टिरिओ फाइलमध्ये असतील तर ट्रॅकच्या मेन्यूतून `Split Stereo to Mono` करा. मग एखादा टोकदार आवाज शोधा. टाळी इथे दगा देते, कारण ती हातातून निघते आणि हातापासून माइकांचं अंतर तोंडापासूनच्या अंतरापेक्षा वेगळं असतं. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच “आबा, एकदा जिभेने चक् करा” असं सांगितलं की तोंडातूनच निघालेली खूण मिळते. ती नसेल तर शब्दाच्या सुरुवातीचा ‘प’ किंवा ‘ट’ घ्या. वेव्हफॉर्म सॅम्पल दिसेपर्यंत मोठा करा. कॉलरच्या टोकापासून बूमच्या टोकापर्यंत सिलेक्शन ओढा आणि त्याची लांबी सॅम्पलमध्ये वाचा. 96 आली तर बूमच्या ट्रॅकच्या अगदी सुरुवातीचे 96 सॅम्पल निवडून डिलीट करा. पूर्ण ट्रॅक तेवढा पुढे येतो.

हेच कमांडने करायचं असेल आणि डावीकडे कॉलर, उजवीकडे बूम असेल, तर कॉलरला तेवढा उशीर द्या:

```
ffmpeg -i mulakhat.wav -af "adelay=96S|0,pan=mono|c0=0.5*c0+0.5*c1" ek.wav
```

आकडा मेजपट्टीने काढण्यापेक्षा वेव्हफॉर्मवर वाचलेला बरा. भुसावळच्या 45 अंशांत आणि थंडीच्या 20 अंशांत याच अंतरासाठी चार-एक सॅम्पलचा फरक पडतो, आणि बूम धरणाऱ्याचा हात त्याहून कितीतरी जास्त हलतो.

जुळवणी झाल्यावर पोलॅरिटी तपासा. आता तिला अर्थ आहे. एका ट्रॅकला तात्पुरतं `Invert` द्या. आवाज एकदम बारीक आणि खर्ज गायब झाला तर जुळवणी बरोबर आहे, `Invert` काढून टाका. उलट `Invert` दिल्यावर आवाज भरला तर केबल उलटी आहे, `Invert` तसंच ठेवा आणि त्या केबलला चिकटपट्टी लावून खूण करा. पूर्ण शांतता मात्र कधीच मिळणार नाही, कारण दोन माइकांचा स्वभाव वेगळा असतो.

तरीही ही जुळवणी शेवटपर्यंत टिकेल असं नाही. बोलणारा 10 सेंटिमीटर मागे रेलला की बूमपर्यंतचं अंतर बदलतं, पण कॉलर त्याच्यासोबतच जातो. सुमारे 14 सॅम्पलची चूक परत येते आणि पहिलं भोक 1750 हर्ट्झच्या आसपास पडतं, शब्द स्पष्ट करणाऱ्या पट्ट्यात. मान हलताना आवाजात ‘शूऽ’ अशी फिरकी ऐकू येते ती यामुळेच. दोन माइक दोन वेगळ्या रेकॉर्डरवर असतील तर त्यांची घड्याळंही सरकतात. दहा लाखांत 20 एवढा फरक असला तरी मिनिटाला 1.2 मिलिसेकंद होतो, म्हणजे सुरुवातीला जुळवलेलं दोन मिनिटांत बिघडतं.

म्हणून आमचा कल असा: जुळवणी शिकून घ्या, पण अंतिम मिक्समध्ये शक्यतो एकच माइक ठेवा. कॉलर कपड्याला घासला किंवा वाऱ्याने फडफडला तेवढ्या वाक्यापुरता बूमवर जा, आणि बदल शब्दांमधल्या श्वासात करा. बागेतली पानांची सळसळ हवी म्हणून बूम मिक्समध्ये हळू ठेवायचाच असेल तर त्यातला आबांचा आवाज कॉलरपेक्षा निदान 10 डेसिबल कमी ठेवा. मग भोकं 3 डेसिबलच्या आसपासच खोल जातात आणि कानाला फारशी खटकत नाहीत. ‘एकास तीन’चा नियम, म्हणजे दोन माइकांमधलं अंतर तोंडापासून माइकाच्या अंतराच्या तिप्पट ठेवा, असंही इथे कुणी सांगेल. तो दोन माणसांना दोन माइक असताना लागतो, एका माणसावर लावलेल्या दोन माइकांना नाही.