लढाई कितव्या पावलावर? गेम बनवताना शिकलेला पावलांचा हिशोब

आरपीजी मेकर एमव्ही या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिला गेम बनवत होतो, तेव्हाची गोष्ट. गुहेचा नकाशा तयार झाला आणि मी आतेभावाला खेळायला बसवलं. रँडम एन्काउंटरचं, म्हणजे चालता चालता अचानक लागणाऱ्या लढायांचं गणित मी स्वतः लिहिलं होतं आणि ते अगदी सरळ होतं. प्रत्येक पावलाला तीसात एक शक्यता, म्हणजे सरासरी तीस पावलांनी एक लढाई. माझ्या मते हे प्रमाण अगदी योग्य होतं.

त्याने पहिली लढाई संपवली, दोन पावलं टाकली आणि दुसरी लागली. ती संपवून चार पावलं चालतो तोच तिसरी. "दादा, आत्ताच तर लढलो की! परत?" असं म्हणत तो खेळत राहिला. मग सत्तरएक पावलं काहीच घडलं नाही, तेव्हा त्याने मान वळवून विचारलं, "ही गुहा रिकामी ठेवलीयेस का?"

कोडमध्ये चूक असेल म्हणून मी दोन संध्याकाळी शोधत बसलो. चूक नव्हतीच. प्रत्येक पावलाची शक्यता सारखी असली की आधीच्या पावलांची कुठेच नोंद राहत नाही. नुकतीच लढाई झाली असली तरी पुढच्या पावलाला तीसात एक, आणि शंभर पावलं शांततेत गेली असली तरी तीसात एकच. हिशोब केला तर अशा पद्धतीत पहिल्या पाच पावलांतच लढाई लागण्याची शक्यता जवळपास १६ टक्के निघते, आणि साठ पावलांत एकही न लागण्याची सुमारे १३ टक्के. म्हणजे सरासरी तीस असूनही खेळणाऱ्याच्या वाट्याला वारंवार ही दोन टोकं येतात, आणि लक्षातही तीच राहतात. नव्याने गेम बनवणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच, की सरासरीच्या आधी या दोन टोकांचा हिशोब करा.

जुन्या गेमांनी यावर काय केलं ते पाहायला मी सुपर फॅमिकॉम या गेम कन्सोलवरच्या १९९४ च्या फायनल फँटसी सिक्सचं गणित वाचलं. त्यात एक लपलेला काउंटर असतो. लढाई संपली की तो शून्यावर येतो आणि मग प्रत्येक पावलाला त्यात ठरावीक भर पडते. गुहेसारख्या ठिकाणी ही भर साधारणपणे ११२ असते. झालेल्या बेरजेला २५६ ने भागून फक्त पूर्णांक ठेवायचा. मग ० ते २५५ मधला एक आकडा काढायचा आणि तो त्या पूर्णांकापेक्षा लहान निघाला तर लढाई.

पावलागणिक मोजून बघू. पहिल्या पावलाला ११२, दुसऱ्याला २२४. दोन्ही वेळा भागाकार शून्य, म्हणून लढाई लागणं शक्यच नाही. तिसऱ्या पावलाला ३३६ होतात, पूर्णांक १ येतो, तेव्हा शक्यता २५६ मध्ये एक. दहाव्या पावलाला बेरीज ११२० आणि पूर्णांक ४. तिसाव्याला ३३६० आणि पूर्णांक १३, म्हणजे जवळपास वीसात एक. सरासरी इथेही तीस-एकतीस पावलांचीच आहे. पण पहिल्या पाच पावलांत लढाई लागण्याची शक्यता १६ टक्क्यांवरून दीड टक्क्याच्या आसपास येते, आणि साठ पावलं मोकळी जाण्याची शक्यता चार टक्क्यांवर. खेळणाऱ्याला हा काउंटर कधीच दिसत नाही, तरी "बराच वेळ झाला, आता काहीतरी येणार" ही त्याची धास्ती खरी असते.

या रचनेतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे त्यातले ताईत. चार्म बँगल घातलं की दर पावलाची भर निम्मी होते आणि मूगल चार्म घातलं की ती शून्यच होते. त्यांच्यासाठी वेगळा नियम लिहावाच लागत नाही, एकच आकडा बदलतो.

एमव्हीचं आयतं गणित मात्र याच्या उलट दिशेने चालतं. लढाई कितव्या पावलावर लागणार हे ते आधीच ठरवून ठेवतं आणि मग उलटी मोजणी करतं:

```
this._encounterCount = Math.randomInt(n) + Math.randomInt(n) + 1;
```

इथे `n` म्हणजे नकाशाच्या सेटिंगमध्ये तुम्ही दिलेली पावलं. ती तीस असतील तर प्रत्येक `randomInt` ० ते २९ मधला आकडा देतो आणि बेरीज १ ते ५९ मध्ये येते. दोन फासे टाकल्यावर सात जास्त वेळा येतात आणि दोन किंवा बारा क्वचित, तसंच इथे तीसच्या आसपासचे आकडे जास्त आणि टोकाचे कमी. पहिल्याच पावलावर लढाई येण्याची शक्यता ९०० मध्ये एक आहे, आणि एकोणसाठाव्या पावलापुढे ती टळतच नाही. झुडपाची खूण केलेल्या टाइलवर एका पावलाला दोन वजा होतात. गवतात शिरल्यावर लढाया वाढतात त्या यामुळे.

मग मी माझं गणित काढून टाकलं, हे आयतं वापरलं आणि निश्चिंत झालो. पुढच्या खेपेला आतेभाऊ किल्ल्याच्या नकाशातून गेला. दहा छोट्या खोल्या, प्रत्येकीत दारापासून दारापर्यंत पंधरा पावलं. एकूण दीडशे पावलांत मला पाच लढाया अपेक्षित होत्या. लागली एक.

कारण सापडायला वेळ लागला, म्हणून ते नीट सांगतो. एमव्हीत एका नकाशातून दुसऱ्यात गेलं की खेळाडूला नव्या जागी ठेवणारं `locate` हे फंक्शन चालतं आणि ते जाता जाता `makeEncounterCount` सुद्धा बोलावतं. म्हणजे प्रत्येक दारापाशी उलटी मोजणी नव्याने सुरू. चौदा पावलं संपवून काउंटर तीनवर आला असला तरी दार ओलांडताच तो पुन्हा कुठेतरी तीसच्या आसपास जातो. पंधरा पावलांच्या आत लढाई यायची तर नवा आकडा १५ किंवा त्याहून लहान निघायला हवा, आणि त्याची शक्यता ९०० मध्ये १२०, म्हणजे तेरा टक्के. दहा खोल्यांत जेमतेम एक लढाई लागणार, हे गणितातच होतं.

तुमच्याकडेही असंच होतंय का, हे पाहणं सोपं आहे. प्लेटेस्ट चालू असताना F8 दाबा, कन्सोल उघडेल. त्यात हे टाका:

```
$gamePlayer._encounterCount
```

दोन पावलं चाला, पुन्हा तेच टाका. आकडा दोनाने कमी झालेला दिसेल. आता दारातून जा आणि परत बघा. मी पाहिलं तेव्हा ६ चे ४१ झाले होते.

उपाय दोन आहेत. एक म्हणजे छोटं प्लगइन लिहून `locate` च्या आधीचा आकडा जपून ठेवायचा आणि नंतर परत बसवायचा. हे केलं तर अडचण वेगळी येते. काउंटर एकवर असताना खेळाडू दारातून आत आला तर नवी खोली धड बघायच्या आत लढाई लागते. खोलीची मांडणी कळायला चार पावलं तरी मोकळी मिळायला हवीत, असं माझं मत आहे. म्हणून मी दुसरा उपाय निवडला आणि छोट्या खोल्यांसाठी `n` च कमी केला. `n` २० ठेवला की पंधरा पावलांत लढाईची शक्यता ४०० मध्ये १२०, म्हणजे ३० टक्के होते. दहा खोल्यांत साधारण तीन लढाया. दर दाराला मोजणी नव्याने होते, तेव्हा दारापाशीच लढाई लागणं दुर्मीळ राहतं.

किल्ल्याच्या नकाशांना आता २० आहे, मोकळ्या गुहेला ३०. आतेभाऊ परवा किल्ल्यातून गेला, तेव्हा तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या खोलीत लढला आणि दहाव्या खोलीच्या दाराशी थांबून त्याने आधी सगळ्यांना औषध पाजलं.